मोटर जळाली, बगीचा वाळला: वॉरंटी कार्डावरची दायित्वाची मर्यादा मराठीत लिहिताना

प्रश्न: सबमर्सिबल पंप बनवणाऱ्या एका कंपनीचं वॉरंटी कार्ड मराठीत करायचं काम मला मिळालंय. माल वरुड, मोर्शी, काटोल भागात विकला जातो. दायित्वाची मर्यादा घालणारं कलम शब्दशः केलं तर डीलर म्हणतो शेतकऱ्याला कळत नाही. सोपं केलं तर कंपनीचे वकील म्हणतात अर्थ बदलला. उद्या प्रकरण ग्राहक आयोगात गेलं तर शेतकऱ्यानं आणि आयोगानं एकच अर्थ काढला पाहिजे. कसं लिहू?

उत्तर:

आधी ते इंग्रजी वाक्य तोडा. पंपांच्या कार्डांवर हे कलम बहुतेक एकाच साच्याचं असतं: लांबलचक एकच वाक्य आणि त्यात चार वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या. पंप सदोष निघाला तर कंपनी तो दुरुस्त करील किंवा बदलून देईल, आणि दोन्हींपैकी काय करायचं ते कंपनी ठरवील. अप्रत्यक्ष आणि परिणामी नुकसानीची भरपाई ती देणार नाही. काहीही झालं तरी तिनं द्यायची एकूण रक्कम पंपाच्या किमतीच्या वर जाणार नाही. आणि हे सगळं कायदा चालू देईल तिथपर्यंतच. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे शेवटचं 'नाही' येईपर्यंत वाचणारा सुरुवात विसरलेला असतो. म्हणून चार गोष्टींची चार कलमं करा, प्रत्येकाला क्रमांक द्या आणि तेच क्रमांक इंग्रजी कार्डावरही घालायला सांगा. अर्थाला हात लागत नसल्यामुळे वकील याला सहसा हरकत घेत नाहीत.

यातलं दुसरं कलम सगळ्यात अवघड आहे, म्हणून एक प्रसंग धरून चालू. समजा मोर्शी तालुक्यातल्या एका संत्रा बागायतदारानं मार्चमध्ये पंप घेतला. पंप आणि मोटर मिळून बत्तीस हजार. पॅनल, केबल आणि पाइप धरून पक्कं बिल अठ्ठेचाळीस हजारांचं. झाडांवर अंबिया बहार धरलेला, फळं बोराएवढी झालेली. एप्रिलच्या शेवटी मोटर जळाली. कंपनीचा माणूस आठवड्यानं आला, मोटर नागपूरला गेली, परत यायला आणखी तीन आठवडे लागले. तोवर टँकरनं पाणी विकत घेऊन काही झाडं जगवली. बाकीच्यांची फळगळ झाली, काही झाडं वाळलीच. हा माणूस कार्ड घेऊन डीलरकडे येतो आणि विचारतो, "मोटर त भरून देतीन, पन बगीचा वायला त्याचे पैसे कोन देईन?"

कार्डावर लिहिलेलं असतं: 'कोणत्याही अप्रत्यक्ष, आनुषंगिक, विशेष वा परिणामी हानीस कंपनी जबाबदार राहणार नाही.' आता बागायतदाराच्या जागी बसून हे वाचा. प्रत्यक्ष म्हणजे डोळ्यांसमोरचं. वाळलेली झाडं त्याच्या डोळ्यांसमोर उभी आहेत, त्याच्या लेखी याहून प्रत्यक्ष नुकसान दुसरं नाही. अप्रत्यक्ष म्हणजे कोणी मनानं धरलेलं, हवेतलं. तेव्हा त्याच्या वाचनात हे कलम बगीच्याला लागतच नाही. 'परिणामी' तर मराठीत 'त्यामुळे' या अर्थानं वाक्य जोडायला वापरतात. नुकसानीचं विशेषण म्हणून तो वाचला जातच नाही, नजर त्याच्यावरून घसरून पुढे जाते. कंपनीचे वकील मात्र इंग्रजीतून उलट वाचतात: बगीचा, टँकर, बुडालेलं उत्पन्न, सगळं वगळलेलं. कार्ड एकच आणि अर्थ दोन.

इथे बहुतेक अनुवादक 'म्हणजे पीक किंवा बगीचा वाळणे' असं स्वतःच्या मनानं जोडून मोकळे होतात. डीलरही खूश होतो. पण थांबा. पंप बंद पडल्यानं बाग वाळणं हे अप्रत्यक्ष नुकसान आहे का, हे इंग्रजी कलमातही ठरलेलं नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ नुसार करार मोडल्यावर भरपाई मिळते ती नेहमीच्या व्यवहारात साहजिकपणे होणाऱ्या नुकसानीची, किंवा करार करताना दोन्ही पक्षांना जे होण्याची शक्यता माहीत होती त्या नुकसानीची. दूरच्या आणि अप्रत्यक्ष नुकसानीची मिळत नाही. संत्र्याच्या पट्ट्यात सिंचनासाठी विकलेला पंप मे महिन्यात बंद राहिला तर बाग वाळते, हे कंपनीलाही माहीत असतं आणि शेतकऱ्यालाही. तेव्हा हे नुकसान साहजिक आहे असं शेतकऱ्याचा वकील म्हणू शकतो आणि त्यात दम आहे. तुम्ही मराठीत बगीच्याचं नाव घातलंत की हा वाद तुम्ही परस्पर कंपनीच्या बाजूनं मिटवला. मूळ इंग्रजी तेवढं बोलत नाही. नुसतं 'अप्रत्यक्ष' ठेवलंत तर बागायतदाराची दिशाभूल कायम. अनुवादानं सुटणारी ही अडचण नव्हे. मूळ मजकुराला दुरुस्ती लागते.

म्हणून कंपनीला लेखी प्रश्न पाठवा आणि तो 'या शब्दाचा अर्थ काय' असा विचारू नका. प्रसंग घालून विचारा: 'वॉरंटीच्या काळात सदोष मोटर जळाल्यामुळे पीक गेलं, ग्राहकानं टँकरचं पाणी घेतलं, हंगामाचं उत्पन्न बुडालं. यातलं कोणतं नुकसान कंपनी देते आणि कोणतं देत नाही?' वरच्या प्रसंगातले तिन्ही प्रकार वेगवेगळे लिहा, कारण उत्तरंही वेगवेगळी येऊ शकतात. कंपनी म्हणाली की तिन्ही वगळायचे आहेत, तर तसं आधी इंग्रजी कार्डावर लिहायला लावा, मग मराठीत आणा. नावं घालायला कंपनी नाखूश असेल, विक्रीवर परिणाम होईल म्हणून, तर तिच्या वकिलांना एक गोष्ट आठवण करून द्या: एका बाजूनं छापून दिलेल्या करारात शब्द संदिग्ध राहिला तर अर्थ छापणाऱ्याच्या विरुद्ध काढायचा, हा न्यायालयांचा जुना नियम आहे. कलम मोघम ठेवून त्यांची सुटका होत नाही. हा मुद्दा वकिलांच्या भाषेतला असल्यामुळे ते ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

मर्यादा स्पष्ट लिहिली म्हणजे ती टिकतेच असंही नाही, आणि ती कधीच टिकत नाही असंही नाही. कुरिअर कंपनीच्या पावतीवर ग्राहकानं सही केली होती आणि तिच्यावर भरपाईची मर्यादा छापलेली होती, अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये ती मर्यादा ग्राहकाला बांधून ठेवते असं म्हटलं. ते भारती निटिंग कंपनीचं प्रकरण. दुसरीकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'अनुचित करार' ही कल्पना आली आहे. ग्राहकाला तोट्यात घालणारी अवाजवी अट असेल तर राज्य ग्राहक आयोग ती अट रद्दबातल ठरवू शकतो. जिल्हा आयोगाला हा अधिकार नाही, पण सदोष मालाची नेहमीची तक्रार तिथेच दाखल होते. आणि शेतकरी हा ग्राहक आहे की नाही, याबद्दल आता शंका उरलेली नाही. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये बियाणं सदोष निघालेल्या शेतकऱ्यांना ग्राहक मानलं आणि त्यांना मिळालेली पिकाची भरपाई कायम ठेवली. आयोगासमोर मर्यादा टिकवायची असेल तर ती ग्राहकाला कळली होती हे दाखवता आलं पाहिजे. त्याच्या भाषेतलं नीट मराठी म्हणूनच कंपनीच्याही फायद्याचं असतं.

आता किमतीच्या मर्यादेचं कलम. इथे चूक एका शब्दात होते. 'कंपनीचं दायित्व पंपाच्या किमतीएवढं राहील' असं लिहिलं की शेतकरी वाचतो: काही बिघडलं तर किंमत परत. मर्यादेचं वचन होऊन बसतं. 'एवढं' काढा. 'पर्यंत'नंही काम भागत नाही, कारण बोलताना तेही वचनासारखं ऐकू येतं. नकारार्थी लिहा आणि पुढचं वाक्य जोडा: 'या रकमेपेक्षा जास्त रक्कम कंपनी देणार नाही. याचा अर्थ ही रक्कम प्रत्येक वेळी परत मिळेल असा नाही.' मग किंमत म्हणजे कोणती ते विचारा. बत्तीस हजार की अठ्ठेचाळीस? जीएसटी धरून की सोडून? आधी एकदा दुरुस्ती झाली असेल तर तिचा खर्च या रकमेतून वजा होणार का? इंग्रजीत 'एकूण' या अर्थाचा शब्द असतो, त्यामुळे वकील वजा होणार असं धरतात. शेतकऱ्याच्या डोक्यात हा विचार येतही नाही. जे ठरेल ते बिलाशी जोडून लिहा, कारण त्याच्या हातात बिल आहे: 'पक्क्या बिलावर पंप आणि मोटर यांच्यापुढे लिहिलेली, कर धरून होणारी रक्कम.'

कायद्याच्या परवानगीचं कलम कार्डावर दिसतं छोटं, पण नुकसान मोठं करतं. शब्दशः मराठी असं होतं: 'कायद्याने परवानगी दिलेल्या कमाल मर्यादेपर्यंत कंपनी जबाबदार राहणार नाही.' गावात हे वाचून दाखवा आणि विचारा काय समजलं. 'कंपनीला कायद्यानं परवानगी दिली हाय' असं उत्तर येतं. जे वाक्य ग्राहकाचे हक्क शाबूत ठेवण्यासाठी आहे, तेच त्याला हक्क नाहीत असं सांगू लागतं. ते उलटं करून लिहायचं: 'कायदा जिथे अशी मर्यादा घालू देत नाही, तिथे ही मर्यादा लागू होणार नाही.' कायदेशीर अर्थ तोच राहतो, फक्त बाजू सरळ होते.

कायदा कुठे घालू देत नाही, याचं एक उदाहरण तरी कार्डावर असावं असं मी नेहमी सुचवतो. पंपाच्या बांधणीतल्या दोषामुळे करंट उतरला आणि माणूस जखमी झाला किंवा बैल दगावला, हे उदाहरण चांगलं. २०१९ च्या कायद्यात उत्पादन दायित्वाचं वेगळं प्रकरण आहे. त्यातल्या कलम ८४ नुसार बांधणीत किंवा रचनेत दोष असेल, माल दिलेल्या वॉरंटीप्रमाणे नसेल किंवा धोक्याची पुरेशी सूचना दिलेली नसेल, तर उत्पादक जबाबदार ठरतो. त्यात हानी म्हणजे इजा, मृत्यू आणि त्या मालाव्यतिरिक्त इतर मालमत्तेचं नुकसान; म्हणून बैल त्यात बसतो. मात्र त्याच व्याख्येनं खुद्द मालाचं नुकसान आणि व्यापारी किंवा आर्थिक तोटा बाहेर ठेवला आहे. म्हणजे बुडालेल्या हंगामासाठी या प्रकरणाचा आधार घेता येत नाही. सदोष मालाची तक्रार करून भरपाई मागण्याचा वेगळा रस्ता आहे, आणि आपल्या कलमाची मर्यादा अडवायला बघते ती तिथे. बैल आणि बगीचा एकाच वाक्यात, एकाच 'नुकसान' शब्दाखाली टाकू नका. दोघांची वाट वेगळी आहे, म्हणून वाक्यंही वेगळी हवीत.

याच ओघात 'हाच एकमेव उपाय' हे शब्द भेटतील. तसे ठेवले तर शेतकरी समजतो की आयोगाकडे जाता येणार नाही. तक्रारीचा हक्क कार्डानं जात नाही: ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तो जाऊ शकतो, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. कार्डावर एका मोठ्या शहरातल्या न्यायालयाचं नाव असलं तरी. तेव्हा लिहा: 'या वॉरंटीखाली कंपनी दुरुस्ती किंवा बदली यापलीकडे काही देणार नाही. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याचा हक्क यामुळे जात नाही.' दुसरं वाक्य मूळात नसेल तर तेही आधी इंग्रजीत घालून घ्या.

शब्दांबद्दल थोडक्यात. 'दायित्व', 'जबाबदारी' आणि 'उत्तरदायित्व' आलटून पालटून वापरू नका. तीन शब्द दिसले की वकील तीन अर्थ शोधतो. मी कलमाच्या मथळ्यात एकदा 'दायित्व' लिहितो आणि पुढे 'कंपनी देईल', 'कंपनी देणार नाही' अशी क्रियापदं वापरतो. 'हमी'ऐवजी 'वॉरंटी'च ठेवा. आपल्याकडे दुकानात गॅरंटी म्हणजे बदलून मिळणार आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणार हा फरक लोक पक्का धरून असतात. 'हमी' वाचून ग्राहक बदलीची अपेक्षा धरतो. अपवादांच्या यादीत 'कमी दाबामुळे मोटर जळाल्यास' असं असेल तर 'व्होल्टेज' लिहा. पंपाच्या कागदावर 'दाब' पाण्याचाही असतो. 'सिंगल फेजिंग' आणि 'ड्राय रन' हे शब्द तसेच ठेवून चालतात, पण दुसऱ्याच्या पुढे 'बोअरमध्ये पाणी नसताना मोटर चालणे' एवढं जोडा. कार्ड वऱ्हाडीत लिहायची गरज नाही. शेतकरी वऱ्हाडीत बोलतो पण प्रमाण मराठी रोज वाचतो, आणि कार्डावर बोली दिसली तर त्याला ते कंपनीचं वाटत नाही.

एवढं झाल्यावर तपासणी. उलट अनुवाद करून पाहण्याची रीत मला अपुरी वाटते, कारण 'अप्रत्यक्ष' उलटा इंग्रजीत नेला की मूळ शब्दच परत येतो आणि सगळं ठीक दिसतं. त्यापेक्षा प्रसंग विचारा. मोटर आठव्या महिन्यात जळाली. बाग वाळली. टँकर घेतला. करंट लागून बैल दगावला. लाइनमध्ये सिंगल फेजिंग होऊन मोटर गेली. प्रत्येक प्रसंगाला दोनच प्रश्न: पैसे कोण देणार, आणि जास्तीत जास्त किती? मराठी मजकूर बागायतदाराला, डीलरकडच्या पोऱ्याला आणि कृषी केंद्रावर बसणाऱ्या एखाद्या माणसाला वेगवेगळं वाचायला द्या. एकत्र बसवलं तर सगळे पहिल्याची री ओढतात. इंग्रजी मजकुरावरून तीच उत्तरं कंपनीच्या वकिलाकडून लेखी घ्या. उत्तर जिथे जुळत नाही ते वाक्य पुन्हा लिहा. दोन बागायतदारांची उत्तरं आपसात जुळली नाहीत तर दोष बहुधा मराठीचा असतो. सगळ्या बागायतदारांचं एकच उत्तर आणि वकिलाचं वेगळं असलं, तर आधी इंग्रजीकडे बघा.

डीलरचं पत्रकही मागून घ्या, कंपनीनं ते अनुवादाला दिलेलं नसलं तरी. त्याच्यावर 'फुल गॅरंटी' छापलेलं असतं आणि कार्डावर मर्यादा. २०१९ च्या कायद्यात जाहिरातीच्या व्याख्येत लेबल, वेष्टन, बिल असे कागदही येतात, आणि खोटी गॅरंटी देणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. २०२० मध्ये स्थापन झालेलं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा गोष्टींत लक्ष घालतं. त्याच्यासमोर कार्ड आणि पत्रक शेजारी ठेवले गेले तर तुमचं कार्ड कितीही नेमकं असो, अर्थ दोनच निघणार.

वरच्या प्रसंगात कंपनीनं पीक, टँकर आणि उत्पन्न तिन्ही वगळायचे ठरवले आणि इंग्रजी तसं दुरुस्त केलं असं धरलं, तर मराठी मजकूर मी असा लिहीन:

'दायित्वाची मर्यादा. १. वॉरंटीच्या काळात पंप किंवा मोटर सदोष निघाली तर कंपनी ती विनामूल्य दुरुस्त करून किंवा बदलून देईल. दुरुस्त करायची की बदलायची हे कंपनी ठरवील. २. पंप बंद राहिल्यामुळे पीक किंवा बाग वाळली, पाणी विकत घ्यावे लागले, उत्पन्न बुडाले किंवा अशाच प्रकारचे इतर नुकसान झाले, तर त्याची भरपाई कंपनी देणार नाही. ३. या वॉरंटीखाली कंपनीने केलेला खर्च आणि दिलेले पैसे मिळून, पक्क्या बिलावर पंप आणि मोटर यांच्यापुढे लिहिलेल्या रकमेपेक्षा (कर धरून) जास्त होणार नाहीत. याचा अर्थ ही रक्कम प्रत्येक वेळी परत मिळेल असा नाही. ४. कायदा जिथे अशी मर्यादा घालू देत नाही, तिथे कलम २ आणि ३ लागू होणार नाहीत. उदाहरणार्थ, पंपातील दोषामुळे माणसाला इजा झाली, मृत्यू झाला किंवा जनावर दगावले तर. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याचा हक्क कायम राहील.'

तिसऱ्या कलमात एक खोच आहे. किमतीच्या जवळपास खर्च झाल्यावर वॉरंटीच्या उरलेल्या काळात मोटर पुन्हा गेली, तर पहिलं कलम म्हणतं दुरुस्त करू आणि तिसरं म्हणतं पैसे संपले. मूळ इंग्रजीतही ही खोच बहुधा असतेच, फक्त तिथे ती लपलेली असते. 'दुरुस्ती आणि बदली या मर्यादेत मोजली जाणार नाही' असं एक वाक्य घालायला कंपनी तयार आहे का, ते विचारा. बऱ्याच कंपन्या तयार होतात, कारण त्यांचा तसा हेतू नसतोच.

राहिला शेवटचा एक प्रश्न, जो वकील नक्की काढतील: फरक पडल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जाईल, हे वाक्य. ते ठेवू नका असं मी सांगतो. जो मजकूर ग्राहकाला वाचता येत नाही तोच खरा, असं मराठी कार्डावर लिहिलं की बाकी सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं, आणि ग्राहकाला मर्यादा कळली होती हे सांगणंही कंपनीला जड जातं. वकील अडून बसले तर निदान ते वाक्य तळाच्या बारीक टायपात न टाकता कलमांच्या वर, त्याच आकारात, मराठीत छापायला लावा. दोन्ही मजकुरांवर एकच आवृत्ती क्रमांक आणि तारीख टाका, म्हणजे पुढच्या वर्षी कोणी फक्त इंग्रजी बदलली तर ते लगेच दिसेल. ग्राहकाची सही घ्यायची असेल तर ती मराठी कलमांच्या खाली घ्या, बिलाच्या तारखेलाच.